आईची खोली, जमिनीवरची टेप आणि माझी दोन इंच जास्तीची गादी

ज्या दोघींच्या छोट्याशा फर्मकडून आम्ही खोली करून घेतली त्यांनी काम संपल्यावर विचारलं की तुमचा अनुभव लिहून द्याल का, नव्या क्लायंटना वाचायला देऊ. मी म्हटलं देतो, पण चुका पण लिहिणार. त्या म्हणाल्या लिहा की, आमच्या पण लिहा. तर हे ते.

फर्म म्हणजे दोघी पार्टनर आणि एक सुपरवायझर, बस. एक ड्रॉइंग बघते, दुसरी साइट बघते. एका वेळी दोनच साइट घेतात, त्यामुळे आम्हाला सुरुवातीलाच महिनाभर थांबावं लागलं, आणि फोन केला की लगेच उचलला जाईल अशी अपेक्षा ठेवायची नाही, संध्याकाळी एकदाच सगळ्यांना उत्तरं येतात. मला त्याचा सुरुवातीला वैताग आला होता, नंतर सवय झाली.

काम काय होतं तर एकच खोली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती आमच्याकडे राहायला येणार होती, वॉकर घेऊन चालत होती. आणि घरात जी एक जास्तीची खोली होती तीच माझी ऑफिसची खोली. म्हणजे त्याच खोलीत आईचा बेड, कपाट आणि माझं टेबल. खोली १० बाय १२ फूट, त्यांच्या भाषेत ३०५० बाय ३६६० मिमी. एका छोट्या भिंतीत दार, समोरच्या भिंतीत खिडकी, डावीकडच्या भिंतीत खिडकीच्या बाजूला बाथरूमचं दार, उजवीकडची भिंत पूर्ण बाहेरची.

मी पहिल्या मीटिंगला फोनमध्ये चाळीसेक फोटो सेव्ह करून गेलो होतो. बेडच्या मागे पॅनल, फॉल्स सीलिंग, काचेचं कपाट वगैरे. ड्रॉइंगवाल्या मॅडमनी ते नीट बघितले, नाही म्हणाल्या नाहीत, आणि मग आईला विचारलं, काकू, तुम्ही रात्री किती वेळा उठता? आई जरा बावरली, मग म्हणाली दोनदा, कधी तीनदा. लाइट लावता का? नाही, बटण लांब आहे, अंधारातच जाते. कुठला हात आधी टेकवता उठताना? उजवा. खाली वाकता येतं? नाही. हात वर किती जातो दाखवा. आईने भिंतीला हात लावून दाखवला आणि साइटवाल्या मॅडमनी तिथे पेन्सिलची खूण केली, १५५० मिमी. त्याच्या वर हात गेला की खांदा दुखतो. कपाटात कपडे अडकवायची दांडी १५०० वर आली ती या खुणेमुळे, नाहीतर आमच्या जुन्या कपाटात ती १८०० ला होती आणि आई सगळे कपडे खुर्चीवर ठेवायची, आम्हाला वाटायचं तिला सवयच तशी.

हे सगळं मला त्या वेळी वेळकाढूपणा वाटला हे खरं सांगतो. मी डिझाइन बघायला गेलो होतो आणि या बाई वॉकरला टेप लावून मोजतायत. वॉकर मागच्या पायांपाशी ६२० मिमी रुंद निघाला.

पुढच्या वेळी त्या कागद घेऊन आल्याच नाहीत, मास्किंग टेपचे चार रोल घेऊन आल्या. माझं म्हणणं होतं की बेड मोठा हवा, १५०० रुंद, कधी बहीण आली तर ती आईजवळ झोपेल. ठीक आहे म्हणाल्या, आणि जमिनीवर टेपने पूर्ण मापाचा बेड आखला, बेडच्या समोरच्या भिंतीला कपाट आखलं ६०० खोल. मध्ये राहिले ९५०. मी म्हटलं झालं की, वॉकर ६२० चा आहे. मग त्यांनी कपाटाच्या दाराच्या मापाचा एक पुठ्ठा कापून आणला होता, ५२५ रुंद, म्हणजे २१०० च्या कपाटाला चार दारं धरली तर एकाचं माप. तो पुठ्ठा साइटवाल्या मॅडमनी उघड्या दारासारखा धरला आणि आईला म्हणाल्या आता तुम्ही बाथरूमकडे चला. आई पुठ्ठ्यापाशी येऊन थांबली. ९५० मधून ५२५ गेले, उरले ४२५, वॉकर काय माणूससुद्धा आडवा होऊनच जाईल. आई म्हणजे ना, तिने काही न बोलता वॉकर उचलून तिरका करायला घेतला, जसं काही ही तिचीच अडचण आहे, आणि ते बघून मीच म्हटलं, बेड लहान करा.

मग मी सरकत्या दारांचा आग्रह धरला. त्याचं उत्तर असं मिळालं की सरकत्या दारांना ट्रॅकसाठी ८० ते १०० मिमी खोली जास्त लागते, म्हणजे कपाट ६०० चं ६८०–७०० होणार, एका वेळी अर्धंच कपाट उघडं दिसणार, आणि उंच दार सरकवायला जो सुरुवातीचा धक्का लागतो तो काकूंनी वॉकर सोडून द्यायचा का? यावर माझ्याकडे काही नव्हतं. बेड १०५० चा झाला. मध्ये १४०० राहिले, दार उघडं असलं तरी ८७५. बहिणीसाठी घडीची गादी लॉफ्टवर.

आता ओल. हा भाग मोठा लिहितोय कारण इथे आमचे तीन आठवडे गेले आणि सगळ्यात जास्त भांडण मी इथेच केलं.

पहिल्या प्लॅनमध्ये कपाट उजवीकडच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीला होतं. त्या भिंतीला खाली एके ठिकाणी रंगाचे पापुद्रे आले होते, फार नाही, दोन तळहातांएवढे. मी म्हटलं खरवडून पुट्टी मारा, वर कपाटच येणार आहे, कोणाला दिसतंय. साइटवाल्या मॅडम म्हणाल्या कोणाला दिसणार नाही हाच तर प्रॉब्लेम आहे, कपाटाच्या मागे हवा लागत नाही, भिंत ओली असेल तर मागचं प्लाय ते पाणी ओढत राहणार आणि तुम्हाला कळेल तेव्हा कपड्यांना वास येत असेल. त्यांनी काय केलं, साधा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घेतला, अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचे तीन तुकडे कापले, एक त्या पापुद्र्यांजवळ (आधी सुटलेला रंग खरवडून), एक डावीकडच्या आतल्या भिंतीला, एक बाथरूमच्या लगतच्या तुकड्यावर, चारही बाजू टेपने घट्ट बंद. दोन दिवस हात लावायचा नाही.

दोन दिवसांनी बघितलं तर बाहेरच्या भिंतीच्या कागदावर दवासारखे थेंब होते. मी लगेच म्हटलं हवेतली आर्द्रता असेल. तर त्यांनी बोटाने कागदाच्या खोलीकडच्या बाजूवर पुसून दाखवलं, बोट कोरडं. थेंब आतल्या बाजूला होते, भिंत आणि कागद यांच्या मध्ये. म्हणजे पाणी खोलीतल्या हवेतून आलेलं नाही, भिंतीतून बाहेर येतंय. खोलीतल्या दमट हवेचं असतं तर थेंब आपल्या बाजूला धरले असते. इतकी साधी गोष्ट आणि मला चाळीस वर्षांत माहीत नव्हती. बाकीचे दोन कागद कोरडे. पण त्यावरही त्या म्हणाल्या की कोरडा आला म्हणजे सर्टिफिकेट नाही, कोरड्या दिवसांत कागद कोरडाच येणार, ओला आला तर मात्र नक्की काहीतरी आहे. म्हणून बाथरूमच्या बाजूला नंतर नळ, शॉवर सगळं दोन दिवस नेहमीसारखं वापरून परत एकदा कागद लावला, तेव्हाही कोरडा, मग पुढे गेल्या.

बाहेरून बघायला सुपरवायझर गेला तर पाणी जायच्या पाइपचा एक क्लॅम्प भिंतीत जिथे ठोकलेला होता तिथून प्लॅस्टरला केसासारखा तडा खाली आला होता. पाऊस पडला की पाणी पाइपवरून ओघळून थेट त्या भोकात. हे काम आमच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे काय काय करायचं आणि त्याचे किती याच्या ओळीवार यादीत, नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, तुम्ही वॉटरप्रूफिंगवाला बोलवा, आम्ही उभं राहून करून घेऊ पण त्याची जबाबदारी आणि बिल त्याचं. मला हे आवडलं नाही त्या वेळी, मला वाटलं हात झटकतायत. पण त्या खरंच दोन्ही दिवस उभ्या होत्या, तडा आधी व्ही आकारात खोदून मग भरायला लावला (तो माणूस वरून नुसता ब्रश मारत होता), आणि आतल्या बाजूची सैल पुट्टी प्लॅस्टरपर्यंत काढून टाकली.

आणि मग थांबायचं. भिंत वाळेपर्यंत पुट्टी नाही, रंग नाही. तीन आठवडे! मी रोज विचारायचो आता वाळली का. रंगवाला म्हणत होता करून टाकू, वरून वाळलेली आहे. मॅडम म्हणाल्या वरून वाळते हेच तर, आतलं पाणी बाहेर यायचा रस्ता तुम्ही रंगाने बंद केला की ते परत रंग ढकलणार. तीन आठवड्यांनी परत तोच कागद, परत दोन दिवस, या वेळी कोरडा, आणि मध्ये एकदा चांगला पाऊस पण होऊन गेला होता त्यामुळे त्याला काही अर्थ होता.

तरीही कपाट त्या भिंतीला नाहीच लावलं. डावीकडे आतल्या भिंतीला आणलं आणि बेड उजवीकडे, भिंतीपासून ५० मिमी सोडून. माझं टेबल १२०० बाय ६०० चं, ते बेडच्या पुढे त्याच भिंतीला खिडकीजवळ, असं की मी बसलो की खिडकी डाव्या हाताला येते. खिडकी पाठीमागे असली की स्क्रीनवर चमकते, समोर असली की डोळे दुखतात, हे मी स्वतःच भोगलेलं होतं त्यामुळे यावर वाद झाला नाही.

बीओक्यूबद्दल थोडं सांगतो, कारण मी आधी दुसऱ्या एका ठेकेदाराकडून पण कोटेशन घेतलं होतं आणि ते यांच्यापेक्षा कमी होतं. त्याच्यात पाच ओळी होत्या. कपाट, बेड, टेबल, इलेक्ट्रिक, रंग, प्रत्येकाला एक आकडा. यांच्या बीओक्यूत ३१ ओळी. मी दोन्ही घेऊन यांच्याकडे गेलो, जरा रुबाबातच, की बघा. त्यांनी त्या माणसाला नावं नाही ठेवली. फक्त कपाटाच्या ओळीसमोर पेन्सिलने प्रश्न लिहिले. कपाट दर्शनी मापावर धरतात, रुंदी गुणिले उंची, आपलं २१०० बाय २४०० म्हणजे साधारण ५४ चौरस फूट. आता या आकड्यात वरचा लॉफ्ट आहे का वेगळा? ड्रॉवर किती? मागचं प्लाय किती जाडीचं, ६ मिमी का ९? आतून लॅमिनेट आहे का नुसता रंग? बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज आहेत का साध्या? दारांच्या कडांना पट्टी मशीनने का हाताने? मी घरी येऊन त्या ठेकेदाराला फोन करून एकेक विचारलं. लॉफ्ट वेगळा, ड्रॉवर वेगळे, आतून रंग, मागे ६ मिमी. सगळं धरून बेरीज केली तर दोघांच्यात फार फरक उरला नाही, आणि तो माणूसही काही फसवत नव्हता बरं का, मी विचारलं नव्हतं म्हणून त्याने लिहिलं नव्हतं.

ओळी सुट्या असल्याचा दुसरा फायदा असा की मला कापता आलं. बेडमागचं पॅनल, फॉल्स सीलिंग, काच, तीन ओळी उडवल्या आणि एकूण बजेट जवळजवळ एक पंचमांश खाली आलं. पाच ओळींच्या कोटेशनमध्ये काय उडवणार? त्यांची डिझाइनची फी वेगळी आणि ठरलेली होती, कामाच्या टक्केवारीवर नाही, त्यामुळे मी ओळी उडवल्या म्हणून कोणाचा चेहरा पडला नाही. कामाचे पैसे ३० टक्के सुरुवातीला, ४० माल साइटवर आल्यावर, २५ फिटिंग झाल्यावर आणि शेवटचे ५ राहिलेल्या बारीकसारीक चुकांची यादी संपल्यावर.

कपाटाच्या मापाची एक गंमत. खोलीचे दोन्ही कर्ण मोजले होते, एक ४७६४ आला आणि दुसरा ४७८५. म्हणजे खोली काटकोनात नाही, २१ मिमीचा फरक. छतसुद्धा एका टोकाला १८ मिमी खाली. म्हणून कपाटाचा सांगाडा मुद्दाम लहान करतात आणि भिंतीच्या बाजूला ४० मिमीची पट्टी जागेवर येऊन भिंतीच्या रेषेप्रमाणे तासून बसवतात. सुताराने पट्टी भिंतीला टेकवून पेन्सिलचा एक छोटा तुकडा भिंतीला घासत वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली, त्या रेघेवर तासली, आणि ती अशी बसली की फटीत कागद जात नाही. मी दहा मिनिटं नुसता बघत होतो.

मधे लॅमिनेटने पण रडवलं. कोड तोच, पण शेवटचे दोन शीट वेगळ्या लॉटचे आले आणि रंगात हलकासा पिवळेपणा, सुट्टा बघितला तर कळणार पण नाही. सुपरवायझरने ते पहिल्या शीटला चिकटवून उन्हात धरले तेव्हा दिसलं. परत पाठवले, सहा दिवस गेले. ही चूक फर्मची पण आहे आणि ते त्यांनी मान्य केलं, एक शीट जास्तीचं पहिल्याच वेळी मागवायला हवं होतं.

आता बेड, म्हणजे माझी चूक.

बेडची उंची ठरवायला त्यांनी आईला एका लाकडी स्टुलावर बसवलं आणि खाली फळ्या घालत उंची वाढवत गेल्या. ४३० ला आईला उठताना दोन्ही हातांनी रेटावं लागलं. ४६० ला एक हात. ४९० ला ती वॉकरला नुसता हात लावून उठली, आणि टाचा पूर्ण जमिनीवर टेकत होत्या. ५२० ला उठणं अजून सोपं झालं पण बसल्यावर टाचा उचलल्या जात होत्या, म्हणजे कडेवरून घसरायची भीती. ४९० नक्की केलं. मग आईला तिच्या जुन्या ६ इंची गादीच्या कडेला बसवून गादी किती दबते ते मोजलं, १५० ची १२० होत होती. म्हणून बेडची फळी ३७० वर. ४९० वजा १२०.

आणि बेडखाली ड्रॉवर नाहीत, चारी बाजूंनी मोकळा, पायांवर उभा. मला हे अजिबात पटलं नव्हतं, एवढी जागा फुकट? ड्रॉइंगवाल्या मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या दादा, पाय पुढे ठेवून उठा. उठता येईना. आता टाचा मागे खुर्चीखाली घ्या आणि उठा. उठलो. माणूस उठताना पाय आधी मागे, अंगाखाली घेतो. पेटीसारखा बेड असला की टाचा पेटीला अडकतात, तरुण माणूस झोका घेऊन उठतो, काकूंना झोका घेता येत नाही. आईने लगेच, बघ मी म्हणत होते ना, म्हणून घेतलं. ती तसं कधीच म्हणत नव्हती.

एवढं सगळं मोजून झाल्यावर मी काय केलं, तर आईला सरप्राइज म्हणून नवी गादी आणली. चांगली, ८ इंची, कडांना जास्त कडक असलेली. कोणाला विचारलं नाही, गादी बीओक्यूत नव्हतीच. आई पहिल्या रात्री झोपली, सकाळी म्हणाली छान आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली छान आहे. तिसऱ्या दिवशी बायकोने मला बाजूला बोलावून सांगितलं की आई बेडच्या कडेवर बसत नाहीयेत, वॉकर धरून उभ्या राहतात आणि मग एकदम मागे पडल्यासारख्या बसतात. मी टेप घेऊन मोजलं. २०० ची गादी, कडेला कडक असल्यामुळे दबत होती फक्त २०. ३७० अधिक १८०, ५५०. ठरलेल्यापेक्षा ६० मिमी वर. आईच्या टाचा हवेत होत्या आणि ती मला वाईट वाटू नये म्हणून गप्प.

संध्याकाळी मेसेज केला, सगळं कबूल करून. गादी परत घेणार नव्हते, वापरलेली होती. साइटवाल्या मॅडमचं उत्तर आलं, पाय स्क्रूचे आहेत, काळजी करू नका. बेडचे पाय त्यांनी मुळातच आतून स्क्रूने बसवलेले होते, गोंद न लावता. सुतार आला, बेड आडवा केला, चार कोपऱ्यांचे आणि मधला एक असे पाच पाय काढले, प्रत्येकातून ६० मिमी कापून खाली प्लॅस्टिकची बटणं परत ठोकली. तासाभराचं काम. मधल्या पायाला विसरला असता तर बेड त्याच्यावरच डोलला असता, तेवढं मात्र मीच आठवण करून दिली, एवढंच माझं योगदान. टाचांसाठी खाली अजूनही पुरेशी जागा राहिली. याचे पैसे त्यांनी घेतले, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

४५ दिवसांचं काम ७४ दिवसांत झालं. त्यातले २१ ओलीचे, ६ लॅमिनेटचे, बाकीचे दोन कशाचे ते कोणालाच आठवत नाही.

शेवटी साइटवाल्या मॅडम आणि मी खोलीत फिरून चुकांची यादी केली, १७ निघाल्या. त्यातल्या नऊ त्यांनी स्वतःच लिहिल्या. एक दार ३ मिमी खाली, एक स्विचची प्लेट तिरकी, एक ड्रॉवर शेवटी घासतो, असलं किरकोळ. दोनच गोष्टींना वेळ लागला, आणि दोन्ही रात्रीच्या लाइटच्या.

बेडच्या खालच्या कडेला आतून एक एलईडी पट्टी लावली आहे, पिवळसर मंद उजेडाची, आणि सेन्सर. आईने पाय खाली सोडले की जमीन उजळते, बाथरूमपर्यंतचा रस्ता दिसतो, डोळ्यावर काही येत नाही. पहिल्या रात्री लावली तर आमच्या गुळगुळीत फरशीत पट्टीचा एकेक ठिपका आरशासारखा दिसायला लागला, आई म्हणाली खाली मुंग्यांची रांग आहे का. चमकणारी फरशी असली की नुसती पट्टी चालत नाही, तिच्यावर दुधी झाकण असलेली पट्टी बसवावी लागते. हे ड्रॉइंगमध्ये यायला हवं होतं, आलं नव्हतं, त्यांनी स्वतःच्या खर्चाने बदललं.

दुसरं म्हणजे सेन्सर. तो पायथ्याशी होता आणि आईने कूस बदलली, पांघरुणातून हात बाहेर काढला तरी लाइट लागायचा, रात्रभर चालू बंद. हा सेन्सर अंगाची उष्णता हललेली बघतो, त्याला पाय काय आणि हात काय. त्याची जागा बदलायची म्हणजे वायर परत काढायची. ड्रॉइंगवाल्या मॅडमनी खिशातून काळ्या टेपचा रोल काढला, नखाएवढा तुकडा तोडला आणि सेन्सरच्या पांढऱ्या घुमटाच्या वरच्या अर्ध्या भागावर चिकटवला. आता त्याला फक्त जमिनीजवळचं दिसतं.

टेप अजून तशीच आहे. सेन्सरवरची पण आणि दाराच्या कोपऱ्यात त्या पहिल्या आखणीचा राहिलेला एक तुकडा पण, तो आई काढू देत नाही.